चाल कोणाची ते तरी नीट छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बाबूजींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्याचं बाबूजींवर प्रेम आहे हे प्रत्येक ओळीत दिसतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेजारी जी पिवळी चौकट टाकलीय, 'संगीतकार सुधीर फडके : निवडक चित्रपटगीते', ती कोणी तयार केली आणि कोणी तपासली ते कृपया शोधा, कारण त्यात 'फिटे अंधाराचे जाळे' आहे आणि खाली 'सांज ये गोकुळी' पण आहे. या दोन्ही गाण्यांच्या चाली श्रीधर फडके यांच्या आहेत. बाबूजींच्या मुलाच्या. बाबूजींच्या नव्हेत.

आता तुमच्याकडचं कोणीतरी म्हणेल की एवढं काय त्यात, घरातल्या घरातच तर आहे. मला नेमका याच वाक्याचा राग येतो, कारण हेच वाक्य मी समोरासमोर ऐकलंय आणि ते डोक्यातून जात नाही.

मागच्या गणपतीत आमच्या सोसायटीत गाण्यांची प्रश्नमंजूषा होती. गाण्याचा तुकडा वाजवायचा आणि गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट असं सगळं ओळखायचं. माझी धाकटी बहीण तिच्या ग्रुपकडून बसली होती, तिचा जुन्या गाण्यांचा नाद लहानपणापासूनचा, कॅसेटच्या आतला तो घडीचा कागद उलगडून बारीक अक्षरातली नावं वाचत बसणारी मुलगी ती. शेवटच्या फेरीत बरोबरी झाली आणि 'फिटे अंधाराचे जाळे' वाजलं, तेही नेमका बाबूजींच्या आवाजातला तुकडा. हिने सांगितलं, चित्रपट लक्ष्मीची पाऊले, गीत सुधीर मोघे, संगीत श्रीधर फडके, आवाज आशाताई आणि बाबूजी. सगळं बरोबर. परीक्षक म्हणाले, संगीतकार चुकला, सुधीर फडके हवं. ती म्हणाली, सर नाही हो, चाल श्रीधरजींची आहे. तर ते हसून म्हणाले, "अहो ताई, आवाज ऐका की, बाबूजी गातायत स्वतः, मग चाल दुसऱ्या कोणाची असणार?" टाळ्या झाल्या, समोरच्या ग्रुपला मार्क गेले. नंतर मी आयोजकांकडे उत्तरांचा कागद मागितला तर त्यांनी एका पेपरातलं कात्रण दाखवलं. कात्रणातच चूक होती! छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार, असं ते मला ऐकवत होते, आणि वर ते वाक्य, घरातल्या घरातच तर आहे, बाप काय नि मुलगा काय. बहीण काही बोलली नाही पण यावर्षी ती भाग घेणार नाही म्हणते. म्हणून हे पत्र, नाहीतर मी कधी पेपरला लिहिणाऱ्यातला नाही.

त्या परीक्षकांचं लॉजिक वेडेपणाचं नाहीये हेही सांगतो, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. बाबूजी स्वतः गायचे आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच चालीवर गायचे. 'जगाच्या पाठीवर'मधलं 'एक धागा सुखाचा' घ्या, गीत गदिमा, संगीत आणि आवाज दोन्ही बाबूजी. 'आराम हराम आहे'मधलं 'आकाशी झेप घे रे' घ्या, गीत खेबूडकर, बाकी दोन्ही बाबूजी. त्यात 'धाकटी बहीण'मधलं 'धुंदी कळ्यांना', तिथे तर आशाताई आणि बाबूजी हीच जोडी, आणि संगीत पण बाबूजींचं. हे सगळं ज्याच्या कानात बसलंय त्याला 'फिटे अंधाराचे'मध्ये तीच जोडी ऐकू आली की तो विचार न करता बाबूजी म्हणून मोकळा होतो. पण इथे बाबूजी फक्त गायक आहेत. मुलाने चाल बांधली आणि वडील त्या चालीवर गायले. एवढ्या मोठ्या संगीतकाराने दुसऱ्याच्या चालीपुढे, त्यातून स्वतःच्या मुलाच्या चालीपुढे गायक म्हणून उभं राहायचं, ही त्या गाण्यातली केवढी मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या चौकटीने तीच पुसून टाकली.

'सांज ये गोकुळी'चं प्रकरण अजून वेगळं. त्यात बाबूजींचा आवाजच नाही. 'वजीर' सिनेमा 1994 चा, गायल्या एकट्या आशाताई, मग इथे बाबूजी आले कुठून? मी यावर बराच विचार केला आणि मला जे दिसतं ते असं. या गाण्याचे गीतकार पण सुधीर मोघे आणि संगीतकार श्रीधर फडके. ही दोन नावं शेजारी शेजारी छापली की घाईत वाचणारा पहिल्याचं नाव उचलतो आणि दुसऱ्याचं आडनाव उचलतो, सुधीर आणि फडके, आणि हे नाव तर आधीच इतकं ओळखीचं की शंकाच येत नाही. शिवाय सुधीर आणि श्रीधर उच्चारायलाही जवळचे. म्हणजे एका फटक्यात दोन माणसं गायब, कवीही गेला आणि संगीतकारही गेला, आणि ज्यांचा त्या गाण्याशी काही संबंध नाही त्यांच्या नावावर गाणं जमा. ही चूक मी तुमच्याकडे पहिल्यांदा बघत नाहीये, गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक सर्रास करतात.

आणि उलटीही होते. श्रीधरजी स्वतः कार्यक्रमांत 'फिटे अंधाराचे' गातात, त्याची रेकॉर्डिंग लोक मोबाइलवर ऐकतात, तर नवीन मुलांना वाटतं मूळ गायकच ते. म्हणजे एका पिढीने त्यांची चाल काढून वडिलांना दिली आणि दुसरी पिढी वडिलांचा आवाज काढून त्यांना देतेय.

मग तपासायचं कसं, तर ते एवढं अवघड नाहीये हो. आवाजावरून संगीतकार ठरवायचा नाही ही पहिली गोष्ट. सिनेमा मिळत असेल तर सुरुवातीची टायटल्स बघायची, संगीत कोणाचं ते तिथे स्वतंत्र पाटीवर असतं. फक्त टायटल्सची एक अडचण आहे, ती सबंध सिनेमाची असतात. पार्श्वगायकांची नावं एकाखाली एक येतात, गीतकार दोन असतील तर दोघांची नावं एकत्र येतात, त्यातलं कुठलं गाणं कोणाचं ते कळत नाही. त्यासाठी रेकॉर्डचं लेबल नाहीतर कव्हर, किंवा कॅसेटमधला तो कागद बघायचा, तिथे गाण्यागणिक नावं देतात. तिथेही मूळ सिनेमाची रेकॉर्ड किंवा कॅसेट बघायची, नंतर काढलेले संग्रह नव्हे, कारण संग्रहावर ज्याचा फोटो असतो तोच सगळ्याचा धनी वाटायला लागतो. बाबूजींच्या गायलेल्या गाण्यांचा संग्रह असेल तर त्यात 'फिटे अंधाराचे' असणारच आणि असायलाच पाहिजे, पण म्हणून ते त्यांनी संगीत दिलेल्या गाण्यांच्या चौकटीत येत नाही. तुमच्या माणसाने हेच केलं असणार असं मला वाटतं, गायलेल्यांची यादी घेतली आणि वर 'संगीतकार' असं हेडिंग टाकलं. आणि मोबाइलच्या अॅपवर तर विश्वास ठेवूच नका, तिथे गायक, संगीतकार, कवी सगळे एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन टाकलेले असतात, कोण काय ते ज्याने त्याने ठरवायचं.

आवाजावरून ठरवायचं नाही हे मी का म्हणतो त्याला एक सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहेच. 'साधी माणसं' 1965 चा, भालजींचा. 'ऐरणीच्या देवा तुला' लताबाईंनी गायलं आणि पाटीवर संगीत 'आनंदघन'. राज्य पुरस्कारात संगीताचं बक्षीस आनंदघन यांना जाहीर झालं तेव्हा लताबाई जागच्या उठल्याच नाहीत, शेवटी तिथल्या माणसाने सांगितलं की आनंदघन म्हणजे याच. म्हणजे तिथे गाणारी आणि चाल देणारी एकच व्यक्ती, पण नावं दोन, आणि 'फिटे अंधाराचे'मध्ये आडनाव एक पण माणसं दोन. कानाने यातलं काय कळणार? कागदच बघावा लागतो.

माझं मागणं साधं आहे. दुरुस्ती छापा, आणि ती पूर्ण छापा. 'चौकटीत अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहोत' असलं नको, त्यातून कोणाला काहीच कळत नाही. दोन्ही गाण्यांची नावं, सिनेमाची नावं, आणि पुढे गीत, संगीत, आवाज असं स्वतंत्र लिहा. सुधीर मोघ्यांचं नाव त्यात आलंच पाहिजे, ते तर तुमच्या सबंध चौकटीत कुठेच नाही, एकाही गाण्याचा गीतकार दिलेला नाही, गदिमांचा पण नाही. बाबूजींवर अख्खं पान आणि त्यात गदिमांचं नाव फक्त लेखात एकदा, हे बरं दिसत नाही. आकाशवाणीवर इतकी वर्षं प्रत्येक गाण्याला कवी, संगीतकार, गायक तिन्ही सांगत आलेत, त्यांना वेळ पुरतो, तुम्हाला जागा पुरत नाही?

आणि दुरुस्ती पुरवणीतच येऊ द्या. मागे एकदा नाटकाच्या तारखेची चूक तुम्ही दुरुस्त केली होती ती आतल्या पानावर निविदांच्या जाहिरातींखाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, मला भिंग घेऊन वाचावी लागली. ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती पाहिजे, कारण लोक चौकटी कापून ठेवतात आणि पुढच्या गणपतीत त्याच चौकटीवरून कोणाचे तरी मार्क कापले जातात. येत्या रविवारी बघतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
डोंबिवली पूर्व