खुले पत्र : मॅनेजर साहेब, पत्ता तेवढा नीट लिहा

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
एक राष्ट्रीयीकृत बँक, सांगली

विषय : बचत खात्यातील पत्ता सोबतच्या आधारप्रमाणे दुरुस्त करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या शाखेतलं माझं पेन्शनचं खातं परवा ‘केवायसी अपूर्ण’ म्हणून गोठवण्यात आलं. पेन्शन जमा झाली, पण काढता येईना. त्यात विम्याचा हप्ता परत गेला आणि तो परत गेला म्हणून बँकेने खात्यातून दंड कापला, वर जीएसटी. म्हणजे गोठवलेल्या खात्यातून मला पैसे निघत नाहीत, तुम्हाला मात्र निघतात.

प्रकरण एवढंच आहे. खातं उघडलं तेव्हा आम्ही गावभागात भाड्याने राहत होतो, पिन 416416. आता विश्रामबागला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, पिन 416415. आधारवर नवा पत्ता लागला तसा मी शाखेत अर्ज दिला, आधारची सही केलेली झेरॉक्स जोडली. पुढे पासबुक छापून घेतलं तर पहिल्या ओळीत नवा फ्लॅट नंबर, खाली मात्र मारुती रोड, गावभाग आणि जुनाच पिन! असं घर सांगलीत कुठेच नाही. संगणकात पत्त्याच्या ओळी वेगवेगळ्या रकान्यांत भरतात. कुणीतरी पहिला रकाना बदलला आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली असणार. त्या पत्त्यावर पाठवलेलं डेबिट कार्ड ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन तुमच्याकडेच परत आलं.

काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, “काका, तुमचा पुरावा आणि आमचं रेकॉर्ड जुळत नाही, म्हणून केवायसी होत नाही.” अहो, जुळत नाही म्हणूनच तर अर्ज दिलाय! जुळलं असतं तर मी काय तुमच्या एसीची हवा खायला आलो असतो?

मग लाइट बिल मागितलं. ते अजून बिल्डरच्या नावावर आहे, तेव्हा ‘चालणार नाही’. पण मागितलंच का? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत वीजबिलाची सोय आहे ती मूळ कागदपत्रावर चालू पत्ता नसेल त्यांच्यासाठी, आणि बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. माझ्या आधारवर चालू पत्ता आहे. शिवाय मुदतीचं केवायसी नूतनीकरण करताना फक्त पत्ता बदललेला असेल, तर ग्राहकाचं स्वयंघोषणापत्र घ्यायचं आणि दोन महिन्यांत बँकेने स्वतः खात्री करायची, हेही त्यातच आहे. कागद घेतल्याची तारखेसह पोच द्यायची, हेसुद्धा. माझ्या पहिल्या अर्जाची पोच मागितली तेव्हा “शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे” असं ऐकवण्यात आलं. साहेब म्हणजे आपणच.

घरात हिच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. या वयात मुलाकडे हात पसरायचा, तेही खात्यात स्वतःची पेन्शन पडून असताना! पण हे कुठल्या रकान्यात बसत नाही, म्हणून राहू द्या.

किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी पाच वर्षांत साडेआठ हजार कोटींच्या आसपास दंड गोळा केला, असं 2024 मध्ये लोकसभेतच सांगितलं गेलं. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. तो कापताना कुणाच्या पत्त्याचा पुरावा मागितला होता का? आणि दहा वर्षं कुणी दावा न केलेल्या ठेवींचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, ते मार्च 2024 अखेर 78 हजार कोटींवर गेले होते. त्यातले किती लोक मेले आणि किती नुसते चुकीच्या पत्त्यावर जिवंत आहेत, देव जाणे. कर्जाचा हप्ता थकला की याच बँकांना माणसाचं घर, मेव्हण्याचं घर, गावाकडचा गोठा, सगळं सापडतं. पेन्शनरचा फ्लॅट तेवढा सापडत नाही.

तर मागणी अशी. माझ्या कस्टमर आयडीवर कायमचा आणि पत्रव्यवहाराचा असे दोन्ही पत्ते आधारवरून शब्दशः भरा, पिनसकट. खातं जॉइंट आहे आणि पत्नीचा कस्टमर आयडी वेगळा आहे, तेव्हा तिचाही पत्ता त्याच वेळी बदला, नाहीतर उद्या तिच्या नावाने हाच खेळ सुरू होईल. बदल झाल्यावर पासबुकाचं पहिलं पान छापून द्या. खातं सुरू करा, कापलेला दंड जीएसटीसह परत करा. आणि या पत्राच्या प्रतीवर आजच्या तारखेचा शिक्का द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की मला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, आणि मी जाणार आहे.

सोबत : दोघांच्या आधारच्या सही केलेल्या प्रती, स्वयंघोषणापत्र, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

आपला,
एक पेन्शनर खातेदार

ता. क. : परत आलेलं डेबिट कार्ड शाखेतच ठेवा, मी येऊन नेईन. कृपया पुन्हा पोस्टात टाकू नका.