सबटायटलच्या परिणामाबाबतच्या चुकीच्या अहवालाविषयी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: दुसऱ्या भाषेतील सबटायटलमुळे वॉच टाइम दीडपट झाल्याचा दावा मागे घेण्याबाबत.

महोदय,

माझ्या गणिताच्या चॅनेलवरील 40 व्हिडिओंची दुसऱ्या भाषेतील सबटायटल मी आपल्याकडून करून घेतली. भाषांतर नेटके आहे, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. माझी तक्रार कामानंतर पाठवलेल्या अहवालाविषयी आहे, कारण त्याच्याच आधारावर आपण पुढच्या कराराचा दर वाढवून मागितला आहे.

अहवालानुसार सबटायटल लावणारे प्रेक्षक सरासरी 6 मिनिटे आणि न लावणारे 4 मिनिटे व्हिडिओ पाहतात, म्हणून वॉच टाइम दीडपट झाला. परंतु पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जाणारा माणूस सेटिंग उघडून भाषा निवडत बसत नाही. तो आपोआप न लावणाऱ्यांत मोजला जातो आणि त्यांची सरासरी खाली ओढतो. शंका आली म्हणून मी जुन्या व्हिडिओंवर मूळ भाषेचीच सबटायटल लावणाऱ्यांचे आकडे काढले, तर त्यांचीही सरासरी 6 मिनिटांच्या आसपासच निघाली. म्हणजे या फरकाचे श्रेय भाषांतराला देता येत नाही. तो मुख्यतः नेटाने बसून पाहणाऱ्या प्रेक्षकाचा असावा.

त्यानंतर मी 24 नव्या व्हिडिओंच्या, विषय आणि लांबी जुळवून, 12 जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत नाणे उडवून एकालाच प्रकाशनाच्या दिवसापासून आपली सबटायटल जोडली आणि दोन्हींचे पहिले 28 दिवस मोजले. एकूण वॉच टाइममध्ये 7 जोड्यांत सबटायटलचा व्हिडिओ पुढे होता, 5 जोड्यांत मागे. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

सबटायटल निरुपयोगी आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ती लावून पाहिलेले व्ह्यूज माझ्याकडे 3 टक्के आहेत, म्हणजे 1,000 पैकी 30. हे तीसही जण केवळ सबटायटलमुळे दोन-दोन मिनिटे जास्त थांबले असे धरले, तरी सुमारे 4,000 मिनिटांत 60 मिनिटांची, म्हणजे दीड टक्क्याची भर पडते. एकाच जोडीतले दोन व्हिडिओ एरवीही याहून कितीतरी जास्त मागेपुढे असतात, त्यामुळे एवढी लहान वाढ 12 जोड्यांत दिसणारच नाही.

सबटायटलमुळे जे प्रेक्षक नव्याने आले असतील, त्यांचा हिशेब वेगळा. तो त्या भाषेच्या प्रदेशांतून आलेल्या व्ह्यूजवरून काहीसा लावता आला असता. परंतु जुन्या 40 व्हिडिओंवर आपण सबटायटल आणि शीर्षकांचे भाषांतर एकाच दिवशी चढवले. शोधात आणि शिफारशींत प्रेक्षकाला आधी शीर्षक दिसते, म्हणून रीच वाढला असला तरी तो कशामुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तरी दीडपटीचा दावा लेखी मागे घ्यावा, तुलनेसाठी वापरलेले व्हिडिओनिहाय आकडे पाठवावेत आणि नवा करार जुन्याच दराने करावा. पुढील कामात शीर्षकांचे भाषांतर सबटायटलनंतर किमान 28 दिवसांनी चढवावे, ही अट करारात लिहून हवी आहे.

आपला,
एक ग्राहक