ओवीच्या रजेचा अर्ज

सोलापूर, ८ फेब्रुवारी

प्रिय वैजू,

दिवाळीनंतर तुझं पत्र आलं, त्याला अजून उत्तर नाही. रागावली असशील, हक्कच आहे तुझा. माझा गुडघा आहे तसाच, आई बरी आहे. पण आज लिहायला बसले ती एका अर्जापायी. ते तुलाच कळेल.

ओवीला कांजिण्या झाल्या. गड्ड्याला सगळे गेलो होतो, तिथल्या गर्दीत लागल्या की आणखी कुठे, कोण जाणे. २७ जानेवारीला रात्री ताप आला, सकाळी पोटावर तीन-चार लाल पुळ्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांत पाणी भरलं. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली आणि "बाई आल्यात, कुठं बोलू नका" म्हणून बजावलं. ह्यांनी तेवढ्यात वर्गशिक्षिकांना मेसेजही धाडला: ताप व अशक्तपणामुळे ओवी येऊ शकणार नाही. मी म्हटलं, खरं काय ते लिहा की. तर म्हणाले, "कांजिण्या म्हटलं की महिनाभर पोरीशेजारी कुणी बसायचं नाही." मी गप्प बसले. तीन दिवस गप्प बसले, वैजू.

तिसऱ्या रात्री ओवीच्या पाठीला कॅलामाइन लावताना तू आठवलीस. आठवीच्या सहामाहीला कपाळावर केस ओढून आलेली, आणि काकूंची ती चिठ्ठी, ‘पित्त उठले आहे’. पंधरा दिवसांनी मी अंगभर फोड घेऊन पडले, दिवाळीचा फराळ बघत. तू संक्रांतीला तिळगूळ घेऊन दारात आलीस, तोवर मी तुझ्याशी अक्षर बोलले नव्हते. काकूंना तर किती नावं ठेवली मी! आणि आता तीच चिठ्ठी माझ्या घरातून गेली होती.

खरी धास्ती वेगळीच. ओवीच्या बाईंना पाचवा महिना आहे. डॉक्टर म्हणाले होते की पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मुलाकडून लागण होते, ती सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. म्हणजे २६ ला झेंडावंदनाच्या नाचात आणि २७ ला दिवसभर वर्गात ओवी ती घेऊनच बसली होती, बाईंच्या टेबलासमोरच्या बाकावर. ज्या बाईला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत, तिला गरोदरपणात त्या झाल्या तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका. त्यावर इंजेक्शन आहे, पण संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यायचं. त्यातले तीन-चार दिवस मीच घालवले होते.

३१ ला पहाटे उठून अर्ज लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा असा झाला:

‘महोदया, माझी मुलगी ओवी, इयत्ता ४ थी, हिला कांजिण्या झाल्या आहेत. पुरळ २८ जानेवारीला सकाळी उठले. २६ व २७ ला ती शाळेत होती. आधीच्या मेसेजमध्ये आम्ही फक्त ताप असे कळवले, ही आमची चूक झाली. आपण स्वतः आपल्या डॉक्टरांना आजच विचारावे ही विनंती. तिच्याबरोबरच्या मुलांना साधारण ५ ते १७ फेब्रुवारीच्या दरम्यान ताप वा पुरळ दिसू शकते, कृपया पालकांना कळवावे. खपल्या धरल्यावर डॉक्टरांचा दाखला घेऊन तिला पाठवीन. २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी अशी सात दिवसांची रजा मंजूर व्हावी.’

ह्यांनी वाचला, काही बोलले नाहीत, स्वतः जाऊन बाईंच्या हातात दिला.

तासाभरात बाईंचा फोन. "लहानपणी झाल्या होत्या का, आठवत नाही हो. विचारायला आई राहिली नाही." आवाज इतका बारीक, की मला बोलता येईना. सोमवारी त्यांनी रक्त तपासायला दिलं. बुधवारी कळलं, अंगात प्रतिकारशक्ती आहे, आधी कधीतरी होऊन गेल्या असणार. मी ओट्याशी उभी राहून रडले. ओवी बाहेर येऊन म्हणते, "आई, मी परत आजारी पडले का?"

ती बुधवारीच शाळेत गेली, दाखला घेऊन. नव्या पुळ्या रविवारपासून आल्या नव्हत्या, मंगळवारी डॉक्टरांनी तळपायापासून केसांपर्यंत बघितलं, एकही ओला फोड नव्हता. बाईंनी पालकांना कळवलं, ओवीचं नाव न घेता. काल तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला पुरळ आलं. तिच्या आईनं परवा नुसता ताप चढला तेव्हाच तिला घरी ठेवलं होतं. मला फोन करून विचारत होती, दिवसातून किती वेळा लावायचं कॅलामाइन, अंघोळ घालायची का. घाल म्हटलं, कोमट पाण्यानं, नखं तेवढी काप.

तुझ्या बदलीचं काय झालं? सोनूची दहावी म्हणजे तुझीही दहावीच, जागत बसू नकोस. शेंगाची चटणी दादाबरोबर पाठवते.

आणि काकूंचा नवा नंबर कळव. मला त्यांच्याशी बोलायचंय, त्या चिठ्ठीबद्दल.

तुझीच,
नीलू