सुषुप्ती आणि तुरीय यांची गल्लत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांवरील लेख आस्थेने वाचला. उपनिषदांतील इतका अवघड विषय सामान्य वाचकापर्यंत नेल्याबद्दल लेखकाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. परंतु लेखाच्या उत्तरार्धात, गाढ झोपेत आपण सर्वजण रोज ब्रह्मानुभव घेतो आणि ज्ञानी पुरुषाची स्थितीही याहून वेगळी नसते, असे जे विधान आले आहे ते वेदान्ताच्या मूळ सिद्धान्ताला धरून नाही. सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि तुरीय म्हणजे या तिन्ही अवस्थांपलीकडचे ‘चौथे’ आत्मस्वरूप. या दोहोंची ही गल्लत प्रवचनांतूनही वारंवार ऐकू येते, म्हणून हे पत्र.

या विधानाला श्रुतीचा आधारच नाही, असे मात्र नाही. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो, की माणूस झोपतो तेव्हा तो ‘सत्’शी, म्हणजे मूळ ब्रह्मतत्त्वाशी, एकरूप झालेला असतो. लेखकाचा आधार बहुधा हाच असावा. पण त्याच उपनिषदाच्या आठव्या अध्यायात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आला आहे. बत्तीस बत्तीस वर्षांचे ब्रह्मचर्य तीनदा पाळल्यानंतर इंद्राला प्रजापती सांगतो, की जो गाढ झोपलेला, पूर्ण शांत आहे आणि स्वप्न पाहत नाही तोच आत्मा. इंद्र समाधानाने निघतो खरा, पण देवांकडे पोहोचण्यापूर्वीच त्याच्या मनात शंका येते, की झोपलेल्याला ‘हा मी आहे’ एवढेही कळत नाही, समोरचे प्राणिमात्रही कळत नाहीत, तो जणू नाशच पावलेला असतो. ‘नाहमत्र भोग्यं पश्यामि’, म्हणजे यात मला काही हित दिसत नाही. तो माघारी येतो. येथे विशेष हे, की प्रजापती त्याची शंका खोडून काढत नाही. ‘एवमेवैष मघवन्’, तू म्हणतोस तसेच आहे, असे म्हणून तो इंद्राला आणखी पाच वर्षे राहायला सांगतो. सुषुप्ती हेच अंतिम उत्तर असते, तर ही पाच वर्षे कशासाठी होती?

मांडूक्योपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे आहे, आणि त्यात हा भेद अधिक नेमका आला आहे. पाचव्या मंत्रात सुषुप्तीचे वर्णन करताना ‘प्रज्ञानघन’ हा शब्द वापरला आहे. जागेपणीचे आणि स्वप्नातले निरनिराळे अनुभव तेथे वेगळे न राहता एकवटलेले असतात, असा त्याचा भाव. आता सातवा मंत्र पाहावा. तुरीयाविषयी बोलताना तो ‘नान्तःप्रज्ञम्’ म्हणून स्वप्न नाकारतो, ‘न बहिष्प्रज्ञम्’ म्हणून जागृती नाकारतो, आणि पाठोपाठ ‘न प्रज्ञानघनम्’ असे म्हणतो. दोनच मंत्रांपूर्वी सुषुप्तीसाठी योजलेला शब्द येथे मुद्दाम उचलून नाकारलेला आहे. गौडपादाचार्यांनी मांडूक्यावरील आपल्या कारिकांच्या पहिल्या प्रकरणात त्याचे कारण दिले आहे: द्वैताचे ग्रहण न होणे हे प्राज्ञ, म्हणजे सुषुप्तीतला आत्मा, आणि तुर्य, म्हणजे तुरीय, या दोहोंत सारखेच, परंतु प्राज्ञ ‘बीजनिद्रायुत’ आहे आणि ती निद्रा तुर्यात नाही. द्वैत दिसत नाही एवढ्यावरून अज्ञान गेले असे होत नाही, ते बीजरूपाने टिकून असते.

हे बीज टिकते कशावरून, असे वाचक विचारतील. त्याची उत्तम चर्चा ब्रह्मसूत्रांत, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील ‘स एव तु कर्मानुस्मृतिशब्दविधिभ्यः’ या सूत्रावर शंकराचार्यांनी केली आहे. पूर्वपक्ष असा, की पाण्याच्या साठ्यात टाकलेला थेंब पुन्हा काढायचा म्हटले तर तोच थेंब हाती लागेल हे संभवत नाही. मग झोपेत ब्रह्माशी एक झालेला जीव सकाळी तोच उठतो, हे कशावरून? आचार्यांची पहिली उपपत्ती अगदी व्यवहारातली आहे: काल अर्धवट राहिलेले काम आज तोच माणूस पुढे चालू ठेवतो. दुसरी, कालचे पाहिलेले त्यालाच आठवते. तिसरी श्रुतीची, की वाघ असो, सिंह असो वा डास असो, जो जे असतो तेच पुन्हा होतो. चौथी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: उठणारा दुसराच कोणी असता, तर झोपलेला प्रत्येकजण झोपेनेच मुक्त झाला असता, आणि कर्माचे व ज्ञानाचे सारे विधी व्यर्थ ठरले असते. थेंबाचा दृष्टान्त येथे लागू पडत नाही, कारण थेंबाला वेगळे ओळखण्याचे काही साधन नसते. जीवाला मात्र कर्म आणि अविद्या वेगळे ठेवतात. झोपेतून उठल्यावर आपली ओळख, आपली देणीघेणी, आपला राग-लोभ जसेच्या तसे हजर असतात, ही प्रत्येकाला पडताळता येणारी गोष्ट आहे.

याचा अर्थ सुषुप्ती म्हणजे केवळ शून्य, असे समजणेही तितकेच चुकीचे होईल. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, की तेथे तो पाहत नाही तरी पाहतच असतो, कारण द्रष्ट्याच्या दृष्टीचा लोप होत नाही. पाहायला दुसरे काही उरलेले नसते, एवढेच. पुढे वेदान्त्यांनी ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ या उठल्यावरच्या वाक्याचा आधार घेतला आणि ही स्मृती आहे, म्हणून झोपेत अनुभव होता, असे म्हटले. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते झोपेत ज्ञानच नसते, आणि आपण नंतर फक्त तसे अनुमान करतो. हा वाद वेदान्ताच्या घरातही मिटलेला नाही. ‘विवरण’ या वेदान्तावरील टीकाग्रंथाच्या कर्त्यांनी त्या वाक्याला स्मृती मानले, तर प्रत्यक्ष शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य आपल्या वार्तिकात ही स्मृती नव्हे असे स्पष्ट म्हणतात. लेखात हा मुद्दा एका ओळीत निर्विवाद म्हणून आला आहे. तो तसा नाही, हे वाचकांना सांगायला हवे होते.

मेंदूच्या संथ लहरी म्हणजेच सुषुप्ती, हे लेखातील समीकरणही घाईचे वाटते. मांडूक्याची व्याख्या ‘जेथे झोपलेला कोणतीही इच्छा करीत नाही, कोणतेही स्वप्न पाहत नाही’ अशी, म्हणजे अनुभवणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. संथ लहरींच्या झोपेतून उठवलेली माणसेही कधीकधी स्वप्न पडल्याचे सांगतात, त्यामुळे यंत्रावरची नोंद आणि ही व्याख्या प्रत्येक वेळी जुळतीलच असे नाही.

लेखमालेचा पुढचा भाग स्वप्नावस्थेवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायातील तिसऱ्या ब्राह्मणाचा परामर्श जरूर घ्यावा, आणि शक्य झाल्यास त्याच वेळी गौडपादांची ‘द्वैतस्याग्रहणं तुल्यम्’ ही कारिका अर्थासह छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, वाई