रामबागेतल्या काकांना, आभारासह

आदरणीय काका,
सा. न.

लेक म्युनिकच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाली. जाण्याआधी कविता तिच्या हातात पडली ती तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

मी मुक्तछंदात लिहिलेली दोन पानं तुमच्याकडे आणली होती. तुम्ही वाचलीत, चहा घेतलात आणि म्हणालात, "हे अभंगात बसवा. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. जोडाक्षर एकच धरायचं." आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मला वाटलं, छंद म्हणजे सजावट. पण मोजायला बसले आणि विशेषणं आपोआप गळायला लागली. 'लसणाची तिखट शेव'मधलं 'तिखट' गेलं, कारण सहात मावेना. तसंही इंदूरच्या पोरीला ते काय सांगायचं!

बॅगेच्या तळाशी
जीरावण ठेव,
लसणाची शेव
हातापाशी.

शेवटच्या चरणात मी आधी 'आठवणी' लिहिलं होतं. अक्षरं बरोब्बर चार. तुम्ही तरीही काट मारलीत आणि विचारलंत, "ही वस्तू बॅगेत कुठल्या कप्प्यात ठेवणार?" हसू आलं, पण त्या प्रश्नानं बाकीची कविताही साफ झाली. जे हाताने ठेवता येतं किंवा घड्याळात बघता येतं, तेवढंच उरलं. जीरावण तळाशी का, तर पूड हातातल्या बॅगेत असली की तपासणीत उघडायला लावू शकतात. पुण्याच्या नणंदेनं जीरावण म्हणजे काय विचारलं. तुम्ही म्हणाला होतात, कवितेत खुलासा करायचा नाही, म्हणून फोनवर सांगितलं: पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला.

दुसऱ्या कडव्यावर मात्र आपलं जरा वाजलं.

हिवाळा लागता
तास मागे जाई,
जागी नाही आई
आठापुढे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे घेतात. आत्ता आपण साडेतीन तास पुढे आहोत, मग साडेचार होतील. तिचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. हे कोरडं वाटेल म्हणून मी 'वाट पाहे आई' करायला निघाले होते. अक्षरं तीही सहाच. तुम्ही अडवलंत: "मग ती रोज रात्री अपराधी वाटून फोन करेल. खरं काय ते सांगा." खरं म्हणजे मी दहाला झोपते.

तिने वाचलं, दोन्ही कडवी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे शनिवारी दुपारी करू ना फोन?" ठरलं मग शनिवारचं.

विमानतळावरचं तिसरं कडवं तिला दिलं नाही. त्यात 'सुरक्षा तपासणी' आहे, ती सातच्या खाली येत नाही. गुरुवारी वही घेऊन येते. काकूंना चकल्या आवडतात ना? त्याही आणते.

आपली,
मागच्या गल्लीतली वहिनी