सायकलची कुरकुर

इंदूर, रविवार

प्रिय मित्रा,

दर पेडलला तुझी सायकल कुरकुरते आणि दुकानदार म्हणतो बीबी, म्हणजे दोन्ही पेडलच्या दांड्यांना जोडणारा अ‍ॅक्सल आणि त्याचं बेअरिंग, तीच बदला. थांब जरा, लगेच पैसे घालू नकोस. गेल्या महिन्यात माझंही तेच झालं होतं. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जायचो तर शेजारचे स्कूटरवाले वळून बघायचे.

फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. आवाज एकीकडे होतो आणि ऐकू येतो भलतीकडेच. मी दोन दिवस सीटच्या रेलचे बोल्ट पिळत बसलो. शेवटी आईच म्हणाली, "अरे, उभा राहून चालव ना!" उभ्याने चालवली तरी कुरकुर चालूच. म्हणजे सीट निर्दोष.

मग पेडलचा निकाल लावला. सायकल भिंतीला टेकवली, ब्रेक करकचून दाबले आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा ठेवून पेडलवर नाही, थेट क्रँकच्या टोकावर टाच रेटली. 'कट्' आलाच. पेडलवर भारच नव्हता, तेव्हा तेही निर्दोष सुटलं.

आता क्रँक. तो हाताने धरून फ्रेमच्या दिशेने आतबाहेर हलवून बघ. एकच हलला तर तो अ‍ॅक्सलवर सैल आहे, दोन्ही एकदम हलले तर बेअरिंग गेलंय. माझे दोन्ही घट्ट होते, ८ च्या अ‍ॅलन कीने बोल्ट तसूभर फिरला नाही. तुझा सैल निघाला तर तसाच चालवू नकोस. चौकोनी अ‍ॅक्सल पोलादी, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, भोक झिजून गोल होतं आणि मग कितीही आवळ, क्रँक बसत नाही.

उरली बीबी. पुलरने क्रँक काढले. बीबीला फ्रेममध्ये धरून ठेवणाऱ्या दोन कपांपैकी उजव्या कपाचे आटे उलटे असतात, त्याच्या समोर उभं राहून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो. हे विसरून मी आधी चांगलाच आवळला होता! बीबी बाहेर आली, अ‍ॅक्सल बोटाने फिरवला तर लोण्यासारखा. बेअरिंग ठणठणीत. पण आट्यांत ग्रीसचा थेंब नाही, नुसती तांबूस गंजाची पूड. पावसाळ्यात पाणी शिरलं असणार. पायाचा जोर पडला की कप केसभर हलतो, कोरडं लोखंड लोखंडावर घासतं आणि दर फेरीला तोच 'कट्'.

रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्हीकडचे आटे घासले, कोरडे पुसले, भरपूर ग्रीस लावलं. कपाचे पहिले काही फेरे हातानेच दिले. आटे तिरके चढले तर फ्रेमच जाते. मग पान्याने मजबूत आवळलं. काल भेरूघाट उतरून परत चढलो, तर फक्त चेनचा आवाज आणि माझी धाप.

तुझी बीबी फिरवताना खरखरली तर मात्र दुकानदार बरोबर, बदलावीच लागेल. आधी टाचेचं करून बघ आणि काय होतं ते कळव. पुलर विकत घेऊ नकोस, दिवाळीला येताना माझा आणतो.

तुझाच,
मी