इंग्लंडमधल्या त्या भाड्याच्या हॉलची नोंद विदर्भातून करा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम जय भीम.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर विकत घेतलं. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथं राहिले होते. राहत्या घराचं संग्रहालय करण्याला पुढे कॅम्डेन कौन्सिलने हरकत घेतली आणि परवानगी मिळायला २०२० उजाडलं. शासनाने तो पाठपुरावा सोडला नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. आज मी ज्या जागेबद्दल लिहितो आहे, ती विकत घ्यावी असं माझं म्हणणं नाही. तिची फक्त नोंद व्हावी, आणि तीही लवकर.

इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका गावात शाळेचा हॉल आहे. यवतमाळ, वाशीम, अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांमधून तिथं गेलेल्या काही कुटुंबांनी बुद्धवंदनेसाठी तो रविवारी दुपारी दोन तासांसाठी भाड्याने घ्यायला सुरुवात केली. कोणी नर्स, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी गोदामात कामाला. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. आधी वंदना एकमेकांच्या घरी व्हायची. माणसं वाढली, शेजाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या, म्हणून हॉल घेतला. आता त्यांनी स्वतःची वास्तू घेतली आहे आणि शाळा जुना हॉल पाडणार आहे.

सरकारी दप्तरात या हॉलचा विहार म्हणून कुठेही उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने प्रार्थनास्थळाची नोंदणी होते, पण आठवड्यातून दोन तास घेतलेल्या शाळेच्या हॉलची अशी नोंदणी कोण करणार? भाड्याच्या अर्जावर ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात भावाने ‘सांस्कृतिक मेळावा’ असं लिहिलं होतं. प्रार्थना लिहिलं तर शाळा नाही म्हणेल, अशी धास्ती होती. म्हणजे उद्या एखाद्या अभ्यासकाने शाळेचे कागद चाळले, तरी तिथं बुद्धवंदना व्हायची हे त्याला कळणार नाही. आणि ते कागद तरी किती दिवस राहतील? हिशेबाची कागदपत्रं तिथं साधारण सहा वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. मंडळींचे निरोप याहू ग्रुपवर चालायचे. तो २०२० मध्ये कायमचा बंद झाला. काही फोटो ऑर्कुटवर होते, ते २०१४ मध्येच गेलं.

मग उरलं काय? उरलं ते आमच्याकडे, विदर्भातल्या घरांमध्ये. तिकडून पोस्टाने आलेले फोटो, पाकिटांवरचे शिक्के, वंदनेची रेकॉर्ड केलेली सीडी, नागपूरहून मूर्ती घेतल्याची पावती. हे सगळं लोखंडी पेट्यांमध्ये नि भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये आहे. दर पावसाळ्यात ओल लागून फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की वरचा थर निघून येतो. म्हणूनच ही नोंद इंग्लंडमधून नाही, तर इथून सुरू व्हायला हवी.

नोंद म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका फोटोवरून सांगतो. आमच्या घरी त्या हॉलचा सगळ्यात जुना फोटो आहे. आई म्हणायची, हा अशोक विजयादशमीचा, पहिल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली तारीख मार्च महिन्याची आहे, पण कॅमेऱ्यातली तारीख कोणी लावलेलीच नसते, तेव्हा तिच्यावर भरवसा नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. मागच्या भिंतीवर शाळेच्या मुलांनी केलेली नाताळची कागदी झाडं चिकटवली आहेत. ऑक्टोबरात शाळा नाताळची सजावट करत नाही. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे आहेत, टेबलावर मेणबत्त्या आहेत, मिठाईचं ताट कुठेच नाही. म्हणजे तो महापरिनिर्वाण दिन असावा, ६ डिसेंबर किंवा त्याच्या जवळचा रविवार. मग भावाला आणि त्याच्या दोन जुन्या सोबत्यांना, एकाचं दुसऱ्याला न सांगता, वेगवेगळं विचारलं. तिघांनीही सांगितलं, त्या दिवशी दुपारी चारलाच अंधार पडला होता. तिथं डिसेंबरात तसंच होतं. अशा खुणा जुळवत गेलं तरच तारीख ठरते. ‘पहिला हॉल’ असा दावा आणखी दोन गावांतली मंडळीही करतात. त्याचा निकालही असाच लागेल, कोणाच्या मोठेपणावरून लागणार नाही.

हॉल पाडण्याआधी त्याचं मोजमाप घेणंही गरजेचं आहे. टेबल कुठं मांडायचे, बाया-माणसं कशी बसायची, चपलांची जागा कुठली, हे नकाशावर काढायला हवं. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा होत्या, त्यांवर चादरी अंथरायच्या. छताला धुराचा भोंगा होता, म्हणून अगरबत्ती बंद आणि मेणबत्त्याही बॅटरीवरच्या. फोटोत मात्र खऱ्या मेणबत्त्या दिसतात, म्हणजे बंदी नंतर आली असावी. तेही शोधायला हवं. माझी वहिनी सांगते, “शेवटची पंधरा मिनिटं खुर्च्या रचण्यात नि फरशी पुसण्यातच जायची, नाहीतर अनामत कापायचे.” मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पंचशील ध्वज आणि पांढरं कापड एका बॅगेत भरून दर आठवड्याला वेगवेगळ्या घरी जायचं. आज ती बॅग कोणाकडे आहे, याची यादी करायला एक दुपार पुरेल. बायकांच्या मुलाखती आधी घ्या, साहेब. स्वयंपाक, मुलं, बॅग हे सगळं त्यांच्याकडे होतं, आणि भाड्याच्या पावतीवर मात्र त्यांचं नाव नाही.

एका बाबतीत फार जपायला हवं. त्या फोटोंमधल्या काहींनी कामाच्या ठिकाणी आपली जात सांगितलेली नाही. परदेशातही भारतीय सहकाऱ्यांकडून वागणूक बदलते, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून प्रत्येकाची लेखी संमती मराठीतून घ्यावी. नाव लपवण्याची, काही वर्षं नोंद बंद ठेवण्याची आणि नंतर संमती मागे घेण्याची सोय असावी. एवढी हमी असल्याशिवाय लोक पेट्या उघडणार नाहीत, आणि उघडूही नयेत.

तेव्हा माझं मागणं असं आहे. पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातून दोन माणसं, एक स्कॅनर आणि एक चांगला ध्वनिमुद्रक यवतमाळ, वाशीम आणि अमरावतीच्या तालुक्यांत पाठवा. कागद आणि फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून मूळ प्रत त्याच दिवशी घरच्यांना परत द्या. ती जमा करून घेऊ नका, कारण आमच्या लोकांना नेलेला कागद परत न मिळण्याचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनं ऐतिहासिक स्थळांची नोंदवही ठेवतात. तिच्यात या हॉलची नोंद व्हावी म्हणून आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पत्र जावं. त्या नोंदीने इमारत वाचणार नाही, हे मला माहीत आहे. साध्या शाळेच्या हॉलला वारसा इमारतीचा दर्जा मिळणं कठीणच. पण तिथं काय होत होतं, हे तिथल्या दप्तरात पहिल्यांदाच लिहिलं जाईल.

शाळेने पाडकामाची तारीख अजून जाहीर केलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू होईल, असं भाऊ सांगतो. हॉलमध्ये जाऊन मोजमाप घ्यायला शाळेची परवानगी लागेल, आणि ती आपल्या खात्याच्या पत्रावर मिळणं सोपं जाईल. ते पत्र या महिन्यात निघावं, ही विनंती.

आपला,
दारव्हा तालुक्यातील एक गावकरी,
जि. यवतमाळ